पैसे कापले गेले, मग थांबले कुठे?

समजा, 10 ऑक्टोबर 2025, शुक्रवारची संध्याकाळ. सांगलीतल्या एका औषधाच्या दुकानात एक गृहस्थ वडिलांची महिन्याभराची औषधं घेतात. बिल होतं 2,340 रुपये. ते क्यूआर कोड स्कॅन करतात, रक्कम घालतात, पिन टाकतात. पडद्यावर चक्र फिरत राहतं. तेवढ्यात बँकेचा मेसेज येतो, खात्यातून 2,340 रुपये वजा झाले. दुकानाच्या गल्ल्यावरचा साउंडबॉक्स मात्र गप्प. दुकानदार आपलं अ‍ॅप उघडून बघतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, माझ्याकडे काही आलेलं नाही.’’ मागे रांग आहे. शेवटी गृहस्थ रोख पैसे देतात, औषधं घेतात आणि रात्रभर एकाच प्रश्नावर अडून राहतात: खात्यातून गेले, दुकानात पोहोचले नाहीत, मग ते 2,340 रुपये आहेत तरी कुठे?

या प्रश्नाला नेमकं उत्तर असतं. पैसे हवेत नसतात आणि फोनमधल्या अ‍ॅपकडे तर मुळीच नसतात. ते प्रत्येक क्षणी कुठल्या ना कुठल्या बँकेच्या कुठल्या तरी खात्यात नोंदलेले असतात, आणि अशा अडकलेल्या व्यवहारात त्या जागा मोजून तीनच असतात. तुमच्या स्वतःच्या बँकेचं एक अंतर्गत खातं, दुकानदाराच्या बँकेचं तसंच अंतर्गत खातं, किंवा खुद्द दुकानदाराचं वा त्याच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचं खातं. यांपैकी पैसा कुठे आहे हे ओळखता आलं, की कोणाकडे मागायचा हे कळतं. ते न ओळखता लोक चुकीच्या दारावर धक्के मारत राहतात. दुकानदाराशी भांडतात, त्याच्याकडे खरोखरच पैसे आलेले नसतात. अ‍ॅपला दोष देतात, अ‍ॅपच्या हातात रक्कम कधीच नसते.

त्यासाठी पिन टाकल्यानंतर पडद्याआड काय होतं ते आधी बघू. यूपीआय ही यंत्रणा 2016 साली सुरू झाली आणि ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, चालवते. गूगल पे, फोनपे यांसारखी अ‍ॅपं तुमचा हुकूम आपल्या भागीदार बँकेमार्फत एनपीसीआयपर्यंत पोहोचवतात, एवढंच त्यांचं काम. एनपीसीआय आधी समोरचा पत्ता कोणाचा, त्याचं खातं कोणत्या बँकेत, याची खातरजमा करते. मग तुमच्या बँकेला निरोप जातो, या खात्यातून इतके रुपये वजा करा. तुमची बँक पिन तपासते, शिल्लक बघते, रक्कम वजा करते आणि ‘वजा केले’ असं उत्तर देते. ते उत्तर मिळाल्यावर एनपीसीआय दुकानदाराच्या बँकेला सांगते, एवढे रुपये जमा करा. ती बँक जमा करते आणि ‘केले’ म्हणून कळवते. त्यानंतर दोन्ही बाजूंना बातमी दिली जाते. तुमच्या अ‍ॅपवर हिरवी खूण येते आणि दुकानदाराकडे साउंडबॉक्स बोलतो.

म्हणजे आपल्याला जी एक कृती वाटते ती प्रत्यक्षात एकामागून एक जाणाऱ्या निरोपांची आणि उत्तरांची साखळी असते. प्रत्येक उत्तरासाठी ठरलेली मुदत असते. पैसे वजा किंवा जमा करण्याच्या निरोपाला पूर्वी 30 सेकंद मिळत. एनपीसीआयने जून 2025 पासून ती मुदत 15 सेकंदांवर आणली. पंधरा सेकंदांत उत्तर आलं नाही, तर यंत्रणा त्या बँकेची वाट बघत थांबत नाही, पुढचा निर्णय घेते. ‘पैसे गेले पण पोहोचले नाहीत’ ही सगळी गोष्ट या न आलेल्या उत्तरांची असते.

इथे कोणीही विचारेल, की समोर जमा झाल्याची खात्री पटल्यावरच आमच्याकडून पैसे का कापत नाहीत? कारण मधे दोन वेगवेगळ्या बँका आहेत आणि त्यांची खातेपुस्तकंही वेगळी आहेत. आधी जमा आणि मग वजा असा क्रम ठेवला, तर दुकानदाराला पैसे मिळून गेलेले आणि तुमच्या खात्यात शिल्लकच नाही असं घडू शकतं. मग तो तोटा दुकानदाराच्या बँकेच्या माथी बसेल. म्हणून आधी वजा, नंतर जमा. या क्रमामुळे बँका सुरक्षित राहतात, पण मधल्या काळाचा ताण ग्राहकाच्या बाजूला येतो. ही रचना जाणूनबुजून केलेली आहे. म्हणूनच त्या ताणाची भरपाईही नियमांत लिहिलेली आहे, आणि ती ग्राहकाने हक्काची समजली पाहिजे.

आता पहिली शक्यता घेऊ. सांगलीच्या त्या गृहस्थांच्या बँकेने 2,340 रुपये वजा केले, पण सर्व्हरवर ताण होता आणि ‘वजा केले’ हे उत्तर पंधरा सेकंदांत एनपीसीआयकडे पोहोचलंच नाही. एनपीसीआयच्या दृष्टीने व्यवहार फसला. दुकानदाराच्या बँकेला ‘जमा करा’ असा निरोप गेलाच नाही. अशा वेळी एनपीसीआय ग्राहकाच्या बँकेला उलट निरोप पाठवते, वजा केले असतील तर परत जमा करा. याला बँकेतले लोक रिव्हर्सल म्हणतात. सगळं सुरळीत असेल तर काही सेकंदांत किंवा मिनिटांत ‘2,340 रुपये जमा’ असा दुसरा मेसेज येतो. समोरच्या बँकेने जमा करायला स्पष्ट नकार दिला, उदाहरणार्थ दुकानदाराचं खातं गोठवलेलं असेल, तरीही हाच उलट निरोप जातो.

अडचण कुठे येते? ज्या ताणामुळे पहिलं उत्तर अडकलं, त्याच ताणात रिव्हर्सलचा निरोपही अडकतो. मग काय होतं? पैसे तुमच्या खात्यातून तर गेलेले आहेत, पण तुमच्या बँकेबाहेर पडलेले नाहीत. बँक तुमच्या बचत खात्यातून रक्कम काढते तेव्हा ती आपल्याच एका अंतर्गत खात्यात टाकते, ज्यातून पुढे इतर बँकांचा हिशेब चुकता व्हायचा असतो. त्या खात्यात ते 2,340 रुपये पडून राहतात. बँकेला याचा पत्ता लागतो तो ताळमेळाच्या वेळी. यूपीआयचा हिशेब बघणारा विभाग तीन याद्या समोरासमोर ठेवतो: बँकेच्या मुख्य प्रणालीतल्या नोंदी, बँकेच्या यूपीआय यंत्रणेतल्या नोंदी आणि एनपीसीआयकडून आलेली यादी. पहिल्या यादीत वजावट आहे पण एनपीसीआयच्या यादीत तो व्यवहार यशस्वी नाही, अशी ओळ सापडली की ती रक्कम ग्राहकाला परत करायची. म्हणून पुष्कळदा पैसे दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, काहीही न करता, गुपचूप परत आलेले दिसतात.

या शक्यतेची खूण ठळक असते. अ‍ॅप व्यवहार ‘फेल’ झाल्याचं दाखवतं आणि बँकेचा मेसेज मात्र पैसे गेल्याचा असतो. अशा वेळी दुकानदाराला काहीही विचारण्यात अर्थ नाही, त्याच्या बँकेपर्यंत निरोपच गेलेला नाही. पैसे तुमच्याच बँकेत आहेत आणि जाब तिलाच विचारायचा. कोणत्या बँकेचे किती रिव्हर्सल यशस्वी होतात याचे आकडे एनपीसीआय दर महिन्याला आपल्या संकेतस्थळावर बँकेच्या नावासह देते. रोजच्या व्यवहारांसाठी कोणतं खातं जोडावं हे ठरवताना ते जरूर बघावेत. जाहिरातींपेक्षा त्यातून बँकेबद्दल जास्त कळतं.

दुसरी शक्यता अधिक गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते तीच समजून घेण्यासारखी. तुमच्या बँकेने पैसे वजा केले आणि तसं वेळेत कळवलं. एनपीसीआयने दुकानदाराच्या बँकेला ‘जमा करा’ म्हणून सांगितलं. आणि तिकडून उत्तरच आलं नाही.

या शांततेचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, निरोप त्या बँकेपर्यंत पोहोचलाच नाही किंवा पोहोचूनही काम झालं नाही. दोन, त्या बँकेने पैसे जमा केले, पण ‘केले’ हे उत्तर परतीच्या वाटेवर हरवलं. मनीऑर्डरच्या दिवसांत असं व्हायचं. गावाकडे आईच्या हातात पैसे पडलेले असत, पण तिच्या अंगठ्याची पोच मुंबईत मुलाकडे येत नसे. पोच आली नाही म्हणून पैसे पोहोचले नाहीत असं ठरवून मुलाला रक्कम परत दिली असती, तर पोस्टाला ती दोनदा मोजावी लागली असती. इथेही तोच पेच आहे. मधे बसलेल्या एनपीसीआयला या दोन्ही शांतता बाहेरून अगदी सारख्याच दिसतात. घाईने ग्राहकाला पैसे परत केले आणि दुकानदाराला ते आधीच मिळालेले असले, तर एकाच रकमेचे दोन मालक होतील.

म्हणून यूपीआयमध्ये या स्थितीसाठी वेगळा दर्जा आहे. त्याला ‘डीम्ड’ म्हणतात, म्हणजे तूर्त जमा झाले असं मानलेला व्यवहार. तुमच्या अ‍ॅपवर त्याचं रूप ‘पेंडिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’ असं दिसतं. पिवळा रंग, फिरतं चक्र, ‘बँकेकडून खात्री होण्याची वाट पाहत आहोत’ अशा अर्थाचं वाक्य. यात खरी मेख अशी, की पैसे जमा झाले असं मानल्यामुळे बँकांमधला हिशेबही त्याप्रमाणे पुढे सरकतो. यूपीआयमध्ये तुमचे 2,340 रुपये त्याच क्षणी एका बँकेतून उचलून दुसऱ्या बँकेत नेले जात नाहीत. दिवसभरातल्या व्यवहारांची बेरीज-वजाबाकी करून कोणत्या बँकेने कोणाला किती द्यायचं ते ठरतं आणि निव्वळ रक्कम रिझर्व्ह बँकेत असलेल्या बँकांच्या खात्यांमधून इकडची तिकडे होते. हे दिवसातून अनेकदा घडतं, आणि रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस यंत्रणा डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालू असल्यामुळे रविवारीही थांबत नाही.

म्हणजे आपल्या उदाहरणात, शुक्रवारी रात्रीच केव्हातरी त्या गृहस्थांच्या बँकेकडून 2,340 रुपयांचा हिशेब दुकानदाराच्या बँकेकडे गेला. पैसे आता खरोखर तिकडच्या बँकेत आहेत, पण दुकानदाराच्या खात्यात नाहीत. त्या बँकेच्या अंतर्गत खात्यात मालकाची वाट बघत पडले आहेत. गृहस्थ आपल्या शाखेत गेले तर तिथला कर्मचारी संगणकात बघून म्हणेल, ‘‘आमच्याकडून पैसे गेलेत.’’ तो खरं सांगतो आहे. दुकानदार म्हणतो, ‘‘माझ्याकडे आले नाहीत.’’ तोही खरं सांगतो आहे. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही आणि तरी माणूस मधे अडकलेला, ही स्थिती नेहमी या दुसऱ्या शक्यतेत येते.

यातून सुटका करण्याची जबाबदारी दुकानदाराच्या बँकेची आहे. तिने आपला ताळमेळ करायचा आणि दोनपैकी एक गोष्ट एनपीसीआयच्या वाद-निवारण प्रणालीत नोंदवायची: एक तर आम्ही ही रक्कम ग्राहकाच्या, म्हणजे इथे दुकानदाराच्या, खात्यात जमा केली आहे, किंवा जमा करू शकत नाही म्हणून परत पाठवत आहोत. बँकांच्या भाषेत पहिल्या नोंदीला टीसीसी आणि दुसरीला रिटर्न म्हणतात. पूर्वी इथे एक गोंधळ होता. ग्राहकाची बँक त्याच दिवशी पैसे परत मागण्याचा दावा लावून मोकळी व्हायची आणि समोरच्या बँकेचा ताळमेळ तोवर झालेलाच नसायचा. फेब्रुवारी 2025 पासून एनपीसीआयने असा दावा मान्य की अमान्य हे त्या दोन नोंदींवरून आपोआप ठरेल अशी व्यवस्था केली. जमा केल्याची नोंद आली तर दावा अमान्य, परत केल्याची आली तर मान्य. त्यामुळे बँकांमधली ओढाताण कमी झाली.

तिसरी शक्यता दुकानदारांना सगळ्यात जास्त छळणारी. पैसे वजा झाले, जमाही झाले, सगळी उत्तरं वेळेत आली. फक्त दुकानदाराला बातमी मिळाली नाही. साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं, त्याला स्वतःचं नेटवर्क लागतं. तळघरातल्या दुकानात किंवा जत्रेतल्या गर्दीत ते गेलं, की डबा गप्प बसतो. पैसे मात्र आलेले असतात. साउंडबॉक्स बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, हे अनुमानच चुकीचं आहे.

दुकानदार बँक खातं बघूनही खात्री का करू शकत नाही, याचंही कारण आहे. क्यूआर थेट त्याच्या खात्याला जोडलेला असेल तर पैसे लगेच खात्यात दिसतात. पण बऱ्याच दुकानांतले क्यूआर पैसे गोळा करणाऱ्या कंपनीने दिलेले असतात. अशा वेळी दिवसभराची रक्कम आधी त्या कंपनीच्या वतीने एका बँकेतल्या राखीव एस्क्रो खात्यात जमते आणि दुकानदाराला ती दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा मिळते. त्या गठ्ठ्यात आपले 2,340 आहेत की नाहीत, हे पासबुकातल्या एका बेरजेवरून सांगता येत नाही. त्यासाठी व्यापाऱ्याच्या अ‍ॅपमध्ये व्यवहारांची यादी उघडून क्रमांकाने शोधावं लागतं.

ऑनलाइन खरेदीत याच शक्यतेचं आणखी एक रूप दिसतं. संकेतस्थळ पैशांसाठी ठरावीक मिनिटं थांबतं आणि मग ऑर्डर बंद करतं. तुमचे पैसे त्यानंतर पोहोचले, तर ते एस्क्रो खात्यात येतात पण त्यांच्यासाठी ऑर्डरच उरलेली नसते. मग ते परत पाठवले जातात, आणि ही परतफेड जुन्या व्यवहाराचं उलटणं नसतं, तो बहुधा वेगळ्या क्रमांकाचा नवा व्यवहार असतो. लोक जुन्या नोंदीवर बदल दिसण्याची वाट बघत बसतात आणि खाली आठ ओळींनंतर आलेली जमा त्यांच्या नजरेतून सुटते. पैसे परत आले नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी खात्याचा उतारा रकमेनुसार एकदा पूर्ण चाळावा.

वर ज्या क्रमांकाचा उल्लेख केला तो बारा आकडी असतो. अ‍ॅपवर तो ‘UPI transaction ID’, ‘UTR’ किंवा ‘RRN’ अशा नावांनी दिसतो. नावं वेगळी असली तरी बारा आकडी क्रमांक शोधायचा. तुमची बँक, दुकानदाराची बँक आणि एनपीसीआय या तिघांच्या नोंदींत तो एकच असतो, म्हणून तोच खरा पुरावा. अ‍ॅप स्वतःचाही एक लांबलचक, अक्षरांचा क्रमांक देतं, तो बँकेला ओळखू येईलच असं नाही. पडद्याचं छायाचित्र दाखवलं तर दुकानदार विश्वास ठेवत नाही आणि त्यात त्याची चूक नाही. हिरव्या खुणेचे बनावट पडदे दाखवून माल नेणारे लोक आहेत, आणि तो तोटा छोट्या दुकानदाराच्या खिशातून जातो. क्रमांक मात्र त्याला स्वतःच्या यादीत शोधता येतो.

त्यामुळे गल्ल्यावर उभं असताना करायचं ते थोडकंच. अ‍ॅपवर हिरवी यशस्वी खूण असेल तर क्रमांक दाखवून दुकानदाराला शोधायला सांगावं. पिवळं ‘पेंडिंग’ असेल तर पुन्हा यूपीआय न करता रोख किंवा दुसऱ्या मार्गाने पैसे द्यावेत, आणि बिलाच्या मागे तो बारा आकडी क्रमांक, रक्कम, वेळ आणि ‘हे पैसे नंतर आले तर परत करायचे’ एवढं लिहून दोघांनी सही करावी. औषधाच्या दुकानात हे अवघडल्यासारखं वाटेल. पण पुढच्या पाच दिवसांत याच कागदाचा सगळ्यात मोठा उपयोग होतो.

आणि स्थिती तपासण्याचं बटण सारखं दाबत राहू नये. 12 एप्रिल 2025 रोजी देशभर यूपीआय काही तास रखडलं, त्याचं कारण शोधल्यावर एनपीसीआयला आढळलं ते हेच, की व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या निरोपांचा प्रचंड लोंढा काही बँकांच्या यंत्रणांकडून आला होता. त्यानंतर एका व्यवहाराची स्थिती किती वेळा आणि किती अंतराने विचारायची यावर मर्यादा आल्या. दीड-दोन मिनिटांनी एकदा बघावं, मग थेट थोड्या वेळाने.

आता नियम. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी फसलेल्या व्यवहारांसाठी मुदत आणि भरपाई ठरवून दिली, ती 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू आहे. यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवले, ते वजा झाले पण तिकडे जमा होऊ शकले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत आले पाहिजेत. दुकानदाराला पैसे दिले आणि त्याच्याकडे खात्री पोहोचली नाही, तर पाच दिवसांपर्यंत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे, बँकेच्या कामकाजाचे नव्हेत. आणि ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता बँकेने स्वतःहून द्यायची आहे.

आपल्या उदाहरणात व्यवहार 10 तारखेचा. 11 तारखेला दुसरा शनिवार, बँका बंद. 12 ला रविवार. तरी हे दोन्ही दिवस मोजले जातात. पाच दिवसांची मुदत बुधवारी, 15 ऑक्टोबरला संपते. समजा पैसे रविवारी, 19 तारखेला परत आले. तर 16, 17, 18 आणि 19 असे चार दिवस उशीर झाला आणि 2,340 रुपयांबरोबर 400 रुपये मिळायला हवेत. रक्कम 2,340 च्या जागी 90 रुपये असती तरी 400 च मिळायला हवेत, कारण भरपाई रकमेवर नाही, दिवसांवर ठरते. ती आली नाही तर तक्रारीत तारखा मांडून मागावी. हे उपकार मागणं नव्हे. रिझर्व्ह बँकेने बँकेवर घातलेली ही जबाबदारी आहे.

हा नियम कुठे लागू नाही हेही माहीत हवं. तुम्ही चुकीचा नंबर टाकलात आणि पैसे भलत्याच माणसाला गेले, तर व्यवहार फसलेला नाही, यशस्वी आहे. आणि आपल्या उदाहरणात एक वळण असं येऊ शकतं, की दुकानदाराच्या बँकेने सोमवारी ताळमेळ करताना ते 2,340 रुपये दुकानदाराच्या खात्यात जमा केले आणि तशी नोंद एनपीसीआयकडे केली. आता गृहस्थांच्या अ‍ॅपवर तीन दिवस पिवळा असलेला व्यवहार हिरवा होतो. पैसे परत येणार नाहीत, बँक तक्रार बंद करणार, आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण गृहस्थांनी तर रोखीने आधीच पैसे दिलेले आहेत. एकाच बिलाचे दोनदा पैसे गेले आणि ते परत करणं आता फक्त दुकानदाराच्या हातात आहे. बिलामागची ती सही इथे कामाला येते. म्हणून पेंडिंग व्यवहाराचा शेवट काय झाला हे पाचव्या दिवसापर्यंत अधूनमधून बघत राहायला हवं. पैसे परत येतील असं गृहीत धरून विसरून जाणारे लोक इथे फसतात.

तक्रारीची सुरुवात अ‍ॅपमधल्या त्या व्यवहारावर जाऊन, तिथल्या मदतीच्या पर्यायातून करावी. तिथून तक्रार थेट त्या बारा आकडी क्रमांकाला जोडली जाते आणि एनपीसीआयच्या तक्रार-यंत्रणेतून संबंधित बँकांपर्यंत पोहोचते. तिथे निकाल लागला नाही तर अ‍ॅपच्या भागीदार बँकेकडे, मग स्वतःच्या बँकेकडे लेखी तक्रार, आणि त्यानंतर एनपीसीआयच्या संकेतस्थळावरच्या तक्रार विभागात. मदतीसाठी इंटरनेटवर फोन नंबर शोधू नये. पहिल्या पानावर ठगांचे नंबर असतात आणि ते पैसे परत देतो म्हणून पिन टाकायला लावतात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक बघण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. परतफेडीसाठी तर नाहीच.

बँकेला लिहिताना ‘माझे पैसे कापले’ एवढंच लिहू नये. व्यवहाराची तारीख आणि वेळ, रक्कम, बारा आकडी क्रमांक, अ‍ॅपवर दिसणारी स्थिती, दुकानदाराकडे खात्री न पोहोचल्याची नोंद, आणि एक स्पष्ट प्रश्न: हा व्यवहार तुमच्याकडे फसलेला आहे, समोरच्या बँकेच्या उत्तराअभावी अडकलेला आहे की यशस्वी? अशा प्रश्नाचं उत्तर ‘आमच्याकडून गेले’ एवढ्यावर भागत नाही. बँकेला आपल्या याद्या उघडून बघाव्याच लागतात, आणि उत्तर काय येतं त्यावरून पैसे वरच्या तीनपैकी कोणत्या जागी आहेत हे तुम्हालाही कळतं. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. बँकेला केलेल्या लेखी तक्रारीची प्रत आणि तिचा तक्रार क्रमांक मात्र जवळ हवा, कारण आधी बँकेकडे दाद मागितली होती याचा पुरावा नसेल तर लोकपाल ती विचारात घेत नाही.